अनुभव धागा: शेवटचा आठवडा, सूत्रांचं एक पान आणि कार्डांचा गठ्ठा

कोयनाकाठ
भाचीची सीए इंटर आठवड्यावर आली आहे. काल तिने कॉस्टिंगच्या सूत्रांच्या पानाचा फोटो पाठवला आणि मला माझे आयसीडब्ल्यूएचे दिवस आठवले (२०१२ मध्ये संस्थेचं नाव बदललं, आमच्या तोंडी जुनंच आहे). तिच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात मटेरियल व्हेरियन्सची सगळी सूत्रं एकाखाली एक होती. आमच्या वेळी एका सीनियर ताईने मला त्या जागी फक्त तीन घरं आखायला लावली होती:

SQ × SP | AQ × SP | AQ × AP

पहिल्यातून दुसरं वजा केलं की युसेज, दुसऱ्यातून तिसरं वजा केलं की प्राइस, पहिल्यातून तिसरं वजा केलं की एकूण कॉस्ट व्हेरियन्स. उत्तर अधिक आलं तर फेव्हरेबल, उणे आलं तर ॲडव्हर्स. वेगळं पाठांतर नाही.

भाचीला हे उदाहरण करून दिलं. एका नगाला ५ किलो माल, दर २० रुपये. बजेट १,२०० नगांचं, झाले १,०००. माल लागला ५,२०० किलो, १९ रुपयांनी. घरं भरली: १,००,००० | १,०४,००० | ९८,८००. म्हणजे युसेज ४,००० ॲडव्हर्स, प्राइस ५,२०० फेव्हरेबल, एकूण १,२०० फेव्हरेबल. पहिल्या घराखाली लाल पेनाने लिहायला सांगितलं, "SQ झालेल्या नगांचा". बजेटच्या १,२०० नगांवर ६,००० किलो धरले तर युसेज १६,००० फेव्हरेबल येतो. माल जास्त उडालाय आणि उत्तर सांगतंय की वाचला! बेरीज तरीही जुळते, त्यामुळे पडताळा घेऊनही हे सापडत नाही.

तुम्ही शेवटच्या आठवड्यात पान आणि कार्डं कशी केलीत? लिहा, तिला दाखवते.

निनाद_७
लेबरलाही हीच तीन घरं चालतात. किलोच्या जागी तास आणि किमतीच्या जागी मजुरीचा दर. आम्ही तेवढंच करून गेलो होतो.

दहिवडीकर
निनाद, आयडल टाइम नसेल तरच. वीज गेली, मशीन बंद पडलं असं गणितात आलं की प्रत्यक्ष तास दोन प्रकारचे होतात, काम केलेले आणि पगार दिलेले. मग मध्ये एक घर वाढतं:

SH × SR | काम केलेले तास × SR | पगाराचे तास × SR | पगाराचे तास × AR

पहिल्या दोनांत एफिशियन्सी, मधल्या दोनांत आयडल टाइम, शेवटच्या दोनांत रेट. मालात दोन-तीन प्रकार मिसळायचे असले तरी तसंच. एकूण वापरलेला माल स्टँडर्ड प्रमाणात वाटून घ्यायचा आणि ते घर पहिल्या दोनांच्या मध्ये घालायचं. यील्ड आणि मिक्स वेगळे होतात. मी बारा वर्षं क्लासमध्ये शिकवतोय. घरं समजलेल्या मुलाला पानाचा एक कोपरा पुरतो.

सांजवारा
हे पान परीक्षेला आत नेऊ देतात का? आमच्या वेळी लॉग टेबल द्यायचे.

कोयनाकाठ
नाही हो, नेता येत नाही. फक्त उजळणीपुरतं.

मुक्ता_पी
कुकर लावलाय तोवर लिहिते. माझी कार्डं लग्नपत्रिकांची होती, मागची कोरी बाजू, कागद जाड, मस्त टिकतात. पुढच्या बाजूला सूत्राचं नाव लिहायचं नाही हे मला उशिरा कळलं. पेपरात कोणी "पी/व्ही रेशो काढा" असं सरळ विचारत नाही. म्हणून पुढे गणितात जसं येतं तसं लिहायचे: "दोन वर्षांची विक्री आणि नफा दिलाय, खर्च काहीच नाही. पहिली ओळ काय?" मागे: नफ्यातला फरक भागिले विक्रीतला फरक. खाली छोटं उदाहरण. विक्री ८ लाखांवरून १० लाख, नफा ६० हजारांवरून १ लाख २० हजार. ६० हजार भागिले २ लाख, पी/व्ही ३०%. ८ लाखांचे ३० टक्के २ लाख ४० हजार, त्यातून नफा ६० हजार वजा, स्थिर खर्च १ लाख ८० हजार. ब्रेक इव्हन ६ लाख. एका कार्डात तिन्ही गोष्टी झाल्या. शिट्टी झाली, येते.

बॅलन्सशीट
हेच कार्ड मी स्थिर खर्च वाढलेल्या गणितालाही लावतो, येतं की उत्तर.

दहिवडीकर
उत्तर येतं, पण चुकीचं. दुसऱ्या वर्षी भाडं ३० हजारांनी वाढलं असेल तर नफ्यातल्या फरकात ते ३० हजार आधी मिळवून घ्यायचे, मग भागायचं. विक्रीची किंमत किंवा नगामागचा चल खर्च बदलला असेल तर हे सूत्र लावायचंच नाही. मुक्ता, कार्डाच्या मागे ही अट लिहिली होतीस का? नसशील तर कोयनाकाठच्या भाचीने लिहावी.

मुक्ता_पी
लिहिली होती सर, "किंमत तीच, खर्च तोच" एवढंच. भात झाला.

शाखा_व्यवस्थापक
थोडं वेगळं लिहितो, मी बँकेत आहे. पुस्तकात करंट रेशो २:१ आदर्श लिहितात. नोकरीला लागलो तेव्हा कॅश क्रेडिटच्या प्रस्तावात १.३३ वर मंजुरी देताना पाहिलं आणि चक्रावलो. ते १९७५ च्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आलंय. चालू मालमत्तेच्या २५ टक्के पैसा दीर्घ मुदतीचा हवा, म्हणजे १०० च्या मालमत्तेसमोर चालू देणी ७५. भागा, १.३३. हे कळल्यापासून कुठलाही रेशो मी वर कोण, खाली कोण आणि का, असाच लक्षात ठेवतो. परीक्षेत मात्र पुस्तकाचंच लिहा.

निनाद_७
साहेब, मग क्विक रेशोत बँक ओव्हरड्राफ्ट देण्यांत धरायचा की नाही? आमच्या एका सरांनी वगळायला सांगितलं, दुसऱ्यांनी धरायला.

शाखा_व्यवस्थापक
बँकेत आम्ही धरतो. ओव्हरड्राफ्ट वर्षानुवर्षं फिरत राहतो म्हणून काही पुस्तकं वगळतात.

दहिवडीकर
मी मुलांना सांगतो, तुमच्या संस्थेच्या स्टडी मटेरियलमध्ये जे असेल ते पानावर घ्या आणि उत्तराखाली एका ओळीत गृहीतक लिहा. स्टॉक टर्नओव्हरचंही तसंच, वर विक्री घ्यायची की विक्रीचा खर्च. दोन क्लासच्या नोट्स एका पानावर मिसळल्या की घोळ होतो.

बॅलन्सशीट
पण एमसीक्यूत गृहीतक कुठे लिहिणार?

अबोली
कोयनाकाठ, भाचीला सांगा पान सुंदर करत बसू नको. मी रोज सकाळी चहाआधी कोऱ्या कागदावर न बघता पान उतरवायचे, मग मूळ पानाशी ताडून बघायचे. राहिलेलं किंवा चुकलेलं तेवढंच कार्डावर जायचं. त्यामुळे गठ्ठा फार वाढला नाही. ईओक्यूचं कार्ड मात्र शेवटपर्यंत गठ्ठ्यात होतं. सूत्र यायचं, √(2AO/C), पण गणितात मागणी महिन्याची आणि साठवणूक खर्च वर्षाचा असायचा. महिना १,००० नग, ऑर्डर खर्च ६० रुपये, किंमत २० आणि साठवणूक वर्षाला २० टक्के, म्हणजे नगामागे ४ रुपये. A १२,००० घेतला की ६०० येतात, १,००० घेतला की १७३. शेवटी कार्डाच्या पुढच्या बाजूला एवढंच लिहिलं, "महिना की वर्ष?"

सांजवारा
अबोली, तू साताऱ्याची का? आमच्या मावशीकडे एक अबोली सीएमए करत होती.

अबोली
नाही हो, मी सांगलीची. पण सीएमएच केलंय.

कोयनाकाठ
दहिवडीकर, चार घरांचं लेबरचं तिला पाठवलं. ती विचारतेय, फिक्स्ड ओव्हरहेडलाही अशीच घरं करता येतात का? कॅलेंडर व्हेरियन्स कुठे बसवायचा?

दहिवडीकर
येतात. क्लास संपल्यावर रात्री लिहितो, तिथे घरांचा क्रम वेगळा आहे. तोवर तिला लेबरची दोन गणितं करू दे.