मदत हवी आहे: होम लोनवर टॉपअप घ्यावं की सरळ पर्सनल लोन? रविवारपर्यंत सांगायचंय

गळकं_छप्पर
नमस्कार मंडळी. मला 6 लाख हवेत. होम लोन चालू आहे, त्याच बँकेचा माणूस फोन करून करून मागे लागलाय की टॉपअप घ्या, हप्ता फक्त 6,380 बसेल. दुसरीकडून पर्सनल लोनची ऑफर आहे, तिथे हप्ता 13,350. हिशोब डोळ्यासमोर आहे, टॉपअप अर्ध्यात पडतंय. तरी बायको म्हणते, इतकं स्वस्त कुणी फुकट देत नाही, आधी विचार कुणाला तरी. कुणी टॉपअप घेतलंय का? काही छुपे चार्जेस असतात का? जरा लवकर सांगा.

सिंहगडरोडकर
डोळे झाकून टॉपअप घ्या. मी 2022 ला घेतलं होतं, चार दिवसांत पैसे खात्यात. वर इन्कम टॅक्समध्ये 2 लाखांपर्यंत व्याजाची सूट. पर्सनल लोनला काय मिळतं? घंटा.

आण्णा_कर्जविभाग
बँकेच्या कर्ज विभागात 27 वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुम्ही हप्ते सांगितलेत, पण मुदत नाही, दर नाही, मूळ कर्ज किती उरलंय ते नाही, आणि पैसे कशाला हवेत तेही नाही. यावर कुणी काय सांगावं? 6,380 चा हप्ता आणि 13,350 चा हप्ता यांत मला तरी फक्त मुदतीचा फरक दिसतोय.

गळकं_छप्पर
सॉरी, घाईत लिहिलं. मूळ कर्ज 21 लाख बाकी, 14 वर्षं उरलीत, दर 8.6, फ्लोटिंग. टॉपअप 9.25 ने, तेही 14 वर्षांचं. पर्सनल लोन 12 टक्के, 5 वर्षं. फ्लॅट धायरीत, आज 48 तरी येतील. कशासाठी ते महत्त्वाचं आहे का? टॉपअप कशालाही वापरता येतं असं तो माणूस म्हणाला.

आण्णा_कर्जविभाग
आता बघा. 6 लाखांवर 9.25 ने 14 वर्षं हप्ता भरलात तर एकूण व्याज होतं साधारण 4 लाख 72 हजार. तेच पर्सनल लोनचं 12 टक्क्यांनी 5 वर्षांचं व्याज 2 लाख. म्हणजे दर कमी असलेलं कर्ज तुम्हाला दुपटीहून महाग पडतंय. फोनवरचा माणूस खोटं बोललेला नाही, त्याने फक्त हप्ता सांगितला.

पण म्हणून पर्सनल लोन घ्या असं मी म्हणत नाही. तेच टॉपअप 5 वर्षांचं मागा. हप्ता 12,530, व्याज 1 लाख 52 हजार. मूळ कर्जाची जितकी वर्षं उरली आहेत तितकीच टॉपअपला घ्यायला हवीत असा नियम नाही, ती वरची मर्यादा असते. शाखेत मात्र न विचारता पूर्ण मुदत टाकतात, कारण हप्ता कमी दिसला की पात्रता लगेच बसते.

परतफेड_पाटील
आण्णांशी असहमत. 14 वर्षांचंच घ्यावं आणि दर महिन्याला जास्तीचे 6 हजार आपणहून भरावेत. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग दराच्या कर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, तर हप्ता 6,380 वरच थांबवता येतो. 5 वर्षांचं घेतलं की 12,530 चा फास गळ्यात.

आण्णा_कर्जविभाग
गणित बरोबर आहे पाटील, माणूस चुकतो. जास्तीचे 6 हजार भरणारे शंभरात किती असतात ते मी काउंटरच्या आतून पाहिलंय. दोन महिने भरतात, तिसऱ्या महिन्यात गणपती येतात.

परतफेड_पाटील
मी भरले. पण एक ठेच लागली ती सांगतो. टॉपअपचं कर्जखातं वेगळं असतं, नंबर वेगळा. मी ॲपमधून 40 हजार भरले ते गेले मूळ होम लोनला, ज्याचा दर टॉपअपपेक्षा कमी. तीन महिन्यांनी स्टेटमेंट काढलं तेव्हा कळलं. उलटी एंट्री करायला शाखेने नकार दिला. तेव्हा पैसे भरताना खातेक्रमांक दोनदा वाचा. आणि हो, मूळ कर्ज फिटलं तरी टॉपअप चालू असेल तोवर फ्लॅटची कागदपत्रं मिळत नाहीत.

सोनसाखळी
एवढी यातायात कशाला? घरातलं सोनं ठेवा. आम्ही सासूबाईंच्या पाटल्या ठेवून अर्ध्या तासात 3 लाख आणले.

परतफेड_पाटील
ताई, त्यांनी सोन्याचं विचारलंच नाहीये.

सोनसाखळी
मग काय झालं? पर्याय सांगितला.

सिंहगडरोडकर
छुप्या चार्जेसचं राहिलं. मला प्रोसेसिंगचे 5,900 लागले जीएसटी धरून, वकील आणि व्हॅल्युएशनचे 4 हजार. शिवाय गहाणाची नोटीस पुन्हा नोंदवावी लागली, नवीन रकमेवर हजारी 3 रुपये मुद्रांक आणि वर हजारभर फी. आणि एक: मंजुरीपत्रात 28 हजारांचा विमा आधीच घुसवला होता, तोही कर्जातच मिळवून. म्हणजे त्याच्यावरही व्याज. मी सक्तीचा आहे का असं लेखी विचारल्यावर गुपचूप काढला.

आण्णा_कर्जविभाग
हे उत्तम सांगितलंत. म्हणजे 6 लाखांना चौदा-पंधरा हजार खर्च धरा. 5 वर्षांच्या टॉपअपमध्ये पर्सनल लोनच्या मानाने वाचतात 49 हजार, त्यातून हे वजा केले की हाती राहतात पस्तीसेक हजार. अगदीच थोडे नाहीत, पण "अर्ध्यात" वगैरे काही नाही.

आता करसवलत. सिंहगडरोडकर, ती अशी सरसकट नसते. पैसा घराच्या दुरुस्तीत गेला तर स्वतः राहत्या घराला वर्षाला 30 हजारांपर्यंतच व्याज धरतात, तेही त्या 2 लाखांच्या आतच, आणि जुनी कररचना निवडली असेल तर. नव्या रचनेत राहत्या घराला काहीच नाही. तुम्ही कशाला वापरलं होतं?

सिंहगडरोडकर
बहिणीचं लग्न. पण सीएने सूट घेतली होती की.

आण्णा_कर्जविभाग
मग सीएला पुन्हा एकदा विचारा, इथे नको.

गळकं_छप्पर
बरं, कशासाठी ते सांगतो. गुहागरजवळ आमचं कौलारू घर आहे. आढं खचलंय, निम्मे वासे वाळवीने खाल्लेत, मागच्या पावसात माजघरात चार ठिकाणी पातेली ठेवली होती. सुताराने लाकूड, रिपा, कौलं, मजुरी धरून 4 लाख सांगितलेत. काम पावसाच्या आत व्हायला हवं म्हणून घाई. उरलेले 2 लाख मेहुणा म्हणतो शेअर्समध्ये टाक, 9 टक्क्यांनी घेऊन 15 टक्के मिळव. करसवलत या कौलांवर मिळेल ना?

आण्णा_कर्जविभाग
घर कुणाच्या नावावर?

गळकं_छप्पर
वडिलांच्या. ते हयात आहेत.

आण्णा_कर्जविभाग
मग नाही मिळणार. व्याजाची वजावट घराच्या मालकाला असते. धायरीचा फ्लॅट गहाण तुमचा असला तरी पैसा गेला वडिलांच्या घरात. त्यामुळे करसवलत हिशोबातून काढून टाका. बँकेला मात्र वडिलांच्या घराच्या दुरुस्तीला हरकत नसते, कायदेशीर घरगुती गरज चालते. अर्जात खरं कारण लिहा आणि सुताराचं अंदाजपत्रक जोडा.

मेहुण्यांचे 2 लाख वेगळा मामला आहे. कर्ज घेताना पैसा सट्ट्याला, शेअर्सला वापरणार नाही असं तुमच्याकडून लिहून घेतात. त्यावर सही करून तेच करणं म्हणजे खोटं लिहून देणं. 2024 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी पतधोरण सांगताना टॉपअपच्या पैशाचा वापर नीट तपासला जात नाही म्हणून बँकांना जाहीर कानपिचक्या दिल्या होत्या. 15 टक्के कुणी लिहून देत नाही, 9.25 मात्र बँक लिहून घेते.

परतफेड_पाटील
उगाच घाबरवताय. 2 लाखांच्या मागे कोण येतंय?

आण्णा_कर्जविभाग
बहुधा कुणी नाही. पण ते 2 लाख वगळले तर बघा काय होतं. 4 लाख, 5 वर्षं, 9.25: हप्ता 8,350, व्याज लाखभर. ज्या 12,530 च्या हप्त्याला तुम्ही फास म्हणालात, तो मेहुण्यांमुळे होता.

माई_दापोली
विषय कर्जाचा आहे हे कळतंय, पण राहवत नाही. कुणी सांगेल कौलं काढून पत्रा मारा, स्वस्त पडेल. मारू नका. आमच्याकडे मारला, मे महिन्यात दुपारी माजघरात बसवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही. आणि वाळवी लागलेले वासे बदलताना शेजारचे "चांगले" दिसणारे टोचून बघा. सुतार आपणहून बघत नाही.

सिंहगडरोडकर
माई, पत्र्याखाली फोम टाकतात हल्ली.

माई_दापोली
टाकतात, आणि त्यात उंदीर होतात.

बीटी_चॅम्पियन
अख्खा धागा वाचला, मुद्दा कुणीच पकडला नाही. मूळ कर्ज 8.6 ने का भरताय? दुसऱ्या बँकेत 7.85 ने मिळतंय. 21 लाख उचलून तिकडे न्या, टॉपअप त्याच दराच्या जवळपास तिथेच घ्या. 21 लाखांचा हप्ता 21,540 वरून 20,640 वर येईल. महिन्याला 900, 14 वर्षांत दीड लाख!

आण्णा_कर्जविभाग
दुखणं अचूक पकडलंत, औषध जरा जड आहे. बँक बदलली की 25 लाखांवर गहाणाची नोटीस नव्याने, म्हणजे मुद्रांकाचेच 7,500. वर प्रोसेसिंग, वकील, आणि जुन्या बँकेकडून मूळ कागदपत्रं यायला लागणारा वेळ. छपराला तेवढा वेळ नाही. आधी आहे त्याच बँकेत दर कमी करायचा लेखी अर्ज द्या. थोडी फी घेऊन नव्या ग्राहकाच्या जवळचा दर जुन्याला देतात, पण मागितल्याशिवाय नाही. टॉपअपवर सही करायच्या आधी मागा, कारण आत्ता त्यांना तुमची सही हवी आहे.

बीटी_चॅम्पियन
जवळचा दर देतात, तोच नाही. मी तीन वेळा बँक बदलली आणि प्रत्येक वेळी फायदा झाला.

गळकं_छप्पर
शाखेत जाऊन आलो. 5 वर्षांची मुदत म्हटल्यावर बाईंनी आधी सिस्टीमला दोष दिला, मग दोन मिनिटांत बदलून दिली. विमा होताच, 19 हजारांचा, काढायला सांगितलाय. दर कमी करायचा अर्ज घेतला, फी 5,900, पण 7.85 नाही म्हणाल्या, 8.1 पर्यंत "वर विचारून" सांगतील. फ्लॅटवर बायकोचंही नाव असल्याने तिची सही लागणार, म्हणजे सोमवारी तिला रजा. रक्कम 4 लाखच करतोय, मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

8.1 मिळाले तर थांबावं की पावसानंतर बीटी, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत नेणं, करावं, ते कळत नाहीये.

बीटी_चॅम्पियन
करावं.

आण्णा_कर्जविभाग
आधी 8.1 लेखी येऊ दे.

माई_दापोली
लाकूड कसलं घेताय? फणस मिळाला तर बघा.