‘दोन तासांनी’ आणि ‘दोन तासांत’: फ्रेंच ‘दाँ’ व ‘आँ’ निवडताना मराठीवर किती विसंबावे?

नवशिकी
फ्रेंच शिकण्याचे माझे हे दुसरे वर्ष. वर्गात सगळे इंग्रजीतून चालते आणि इंग्रजीत ‘इन टू अवर्स’ म्हटले की दोन तासांनी की दोन तासांत हे कळत नाही, म्हणून ‘दाँ’ आणि ‘आँ’ यांत माझी हमखास चूक होते. मराठीत हा भेद आधीपासूनच आहे. शिवाय ‘डॉक्टरकडे’ म्हणजे ‘शे’ आणि ‘डॉक्टरला’ म्हणजे ‘आ’ असेही बसते. मग मराठी प्रत्ययांवरूनच हे का शिकू नये? माझे सूत्र असे: ‘नी’ला ‘दाँ’, ‘त’ला ‘आँ’, ‘कडे’ला ‘शे’, ‘ला’ला ‘आ’. आपले मत हवे आहे.

पाटीपेन्सिल
सूत्र उत्तम आहे आणि मी गेली कित्येक वर्षे शिकवणीत थोड्याफार फरकाने हेच सांगतो. ‘ज पार दाँ दी मिन्युत’ म्हणजे मी दहा मिनिटांनी निघतो, आणि ‘झे फिनी आँ दी मिन्युत’ म्हणजे मी दहा मिनिटांत संपवले. पहिल्यात घड्याळ आत्तापासून पुढे मोजायचे असते, तर दुसऱ्यात कामाला किती वेळ लागला ते सांगायचे असते. मराठी मुलाला हे समजावायला व्याकरणाचा एकही शब्द वापरावा लागत नाही. इंग्रजीतून आलेला मुलगा मात्र तिथेच अडखळतो.

साम्य इथेच थांबत नाही. फ्रेंच माणूस ‘दाँ उइ झूर’ म्हणजे ‘आठ दिवसांनी’ म्हणतो तेव्हा त्याला एक आठवडा अभिप्रेत असतो, आणि ‘दाँ कँझ झूर’ म्हणजे ‘पंधरा दिवसांनी’ म्हणतो तेव्हा दोन आठवडे. आपणही सोमवारी ‘आठ दिवसांनी या’ म्हटले की पुढचा सोमवारच धरतो, मंगळवार नव्हे. चौदा दिवसांना पंधरवडा म्हणण्याचे आपल्याला काहीच वाटत नाही, मग फ्रेंचांचे वाटण्याचे कारण काय? ‘शे’ची गोष्टही तशीच आहे. ‘आमच्याकडे गौरीला घावन करतात’ या वाक्यातील ‘आमच्याकडे’ हे घर, कुळ आणि मुलूख या तिन्हींना पुरते, आणि ‘शे नू’ नेमके तेच करते. इंग्रजीत यासाठी एक शब्द सापडत नाही.

रोनकाठ
पाटीपेन्सिल यांचे शेवटचे वाक्य मी आनंदाने मान्य करतो. पहिल्या वाक्याला मात्र माझा विरोध आहे. मी चौदा वर्षे लियाँमध्ये राहतो, आणि मराठीच्या भरवशावर केलेल्या चुका मला इंग्रजीच्या चुकांपेक्षा अधिक महागात पडल्या, कारण त्या चुका आहेत असे वाटतच नव्हते.

प्रथम वाहन घ्या. ‘विमानाने आलो’ याला फ्रेंचमध्ये ‘आँ नाव्हियों’ म्हणतात आणि ‘विमानात झोपलो’ याला ‘दाँ लाव्हियों’. म्हणजे वेळेच्या बाबतीत ‘नी’ला ‘दाँ’ आणि ‘त’ला ‘आँ’ लावा असे सांगणारे सूत्र वाहनापाशी येताच पूर्ण उलटे होते. तिथे ‘ने’ला ‘आँ’ लागते आणि ‘त’ला ‘दाँ’. तृतीयेचा प्रत्यय तोच आहे, पण त्याचे काम बदलले. ज्या विद्यार्थिनीने सूत्र पाठ केले आहे ती ‘दाँ ला व्वात्यूर’ लिहून ‘गाडीने आले’ असे म्हणू पाहील आणि ऐकणाऱ्याला ती गाडीच्या आत बसलेली दिसेल.

दुसरे, भूतकाळ. ‘दोन दिवसांनी तो परत आला’ हे आपण सहज म्हणतो, पण इथे ‘दाँ’ चालत नाही. ‘दाँ’ची मोजणी बोलणाऱ्याच्या आत्तापासून होते. गोष्टीतल्या एखाद्या क्षणापासून मोजायचे असेल तर ‘द झूर आप्रे’ किंवा ‘द झूर प्ल्यू तार’ म्हणावे लागते. आपल्या ‘नी’ला आत्ता आणि तेव्हा यांत फरक करावासा वाटत नाही, आणि नवशिकी यांचे सूत्र तो फरक कुठेच दाखवत नाही.

तिसरी गोष्ट माझ्यावरच बेतली. नोकरीच्या पहिल्या वर्षी आजारपणाची रजा घेतली तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर, तो आरोग्य विम्याच्या कार्यालयाकडे ‘दाँ ले कारांत-उइत अर’ पाठवावा, असे लिहिले होते. मी ‘दाँ म्हणजे नी’ हे घोकले होते, म्हणून ‘अठ्ठेचाळीस तासांनी’ असा अर्थ लावला, दोन दिवस मुद्दाम थांबलो आणि पाचव्या दिवशी टपालात टाकला. अर्थ होता ‘अठ्ठेचाळीस तासांच्या आत’. मधला तो छोटा ‘ले’ सगळा अर्थ फिरवतो. ‘दाँ कारांत-उइत अर’ म्हणजे अठ्ठेचाळीस तासांनी, आणि ‘ले’ आला की ती मुदत होते. त्या वेळी ताकीद देणाऱ्या पत्रावर निभावले, पण तेव्हापासून सरकारी कागदावरचा ‘ले’ मी बोट ठेवून वाचतो.

केशरी आंबा
माझी अडचण थोडी वेगळी आहे. ‘झाँ ने द’ म्हणजे ‘माझ्याकडे त्यातली दोन आहेत’ असे शिकवले, मग इथे ‘आँ’ असूनही वेळ कुठे आहे आणि जागा कुठे आहे? शिवाय ‘माझ्याकडे’ असूनही ‘शे’ का नाही?

पाटीपेन्सिल
केशरी आंबा, ते ‘आँ’ नामाऐवजी येणारे सर्वनाम आहे. स्पेलिंग तेच असले तरी इथल्या चर्चेतले ‘आँ’ ते नव्हे. ‘माझ्याकडे आहे’ ही मालकी आहे आणि ती फ्रेंच माणूस क्रियापदानेच सांगतो. तुमचा दुसरा प्रश्न मात्र माझ्याच बाजूला टोचणारा आहे, हे कबूल करतो.

रोनकाठ यांना उत्तर. विमानाचे उदाहरण बिनतोड आहे, पण त्यावरून मराठी निरुपयोगी ठरत नाही. फक्त प्रत्यय सोडून अर्थ धरावा लागतो. जागेचे पाहा. ‘तो तुरुंगात आहे’ म्हटले की तो शिक्षा भोगतो आहे असेच आपण समजतो, आणि तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्याविषयी ‘ते तुरुंगाच्या आत गेले आहेत’ असे म्हणतो. पहिल्याला ‘आँ प्रिझों’ आणि दुसऱ्याला ‘दाँ ला प्रिझों’. ‘आँ’नंतरचे नाम उघडेच येते, आणि त्यातून भिंतींपेक्षा माणसाची स्थिती कळते, ‘दाँ’नंतर ‘ल’, ‘ला’, ‘माझा’, ‘हा’ असे काहीतरी येते आणि विशिष्ट वास्तू डोळ्यांसमोर उभी राहते. म्हणून मी मुलांना सांगतो की ‘च्या आत’ म्हणून पाहा, अर्थ टिकला तर ‘दाँ’. गंमत म्हणजे रोनकाठ यांचा तो कागदही या कसोटीवर उतरतो: ‘अठ्ठेचाळीस तासांच्या आत’!

रोनकाठ
कागद उतरतो, पण ऋतू उतरत नाहीत. उन्हाळ्यात, हिवाळ्यात, शरदात यांना ‘आँ’ लागते आणि वसंतात आले की अचानक ‘ओ प्रँतां’ म्हणावे लागते. त्याला कोणतीही मराठी कसोटी लावा, उपयोग होत नाही. ते पाठच करावे लागते.

मामांची भाची
मी मोंपेल्येला शिकत असताना मामांकडून त्यांची जुनी गाडी विकत घेतली. मैत्रिणीला सांगायचे होते. ‘कडून’ला काय लावावे याचा विचार करून ‘शे मों-नोंक्ल’ म्हटले. तिने विचारले, ‘तुझ्या मामांचे गाड्यांचे दुकान आहे का?’ बरोबर वाक्य ‘झे आश्ते सेत व्वात्यूर आ मों-नोंक्ल’ असे होते, म्हणजे तिथे ‘आ’चा अर्थ चक्क ‘कडून’ होतो. उसने घेतले, हिसकावले, चोरले या सर्वांना तोच ‘आ’ लागतो. आणखी घोळ असा की ‘त्याने मुलाला सायकल घेतली’ यालाही ‘आ’च लागते, त्यामुळे ‘आश्ते आ’ ऐकल्यावर माणूस घेणारा की देणारा हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. नवशिकी यांच्या सूत्रात ‘कडून’ नाहीच.

रोनकाठ
हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘शे’ हा शब्द घर या अर्थाच्या लॅटिन ‘कासा’वरून आला आणि घराचा वास त्याला अजून आहे. न्हाव्याकडे, बेकरीवाल्याकडे, वकिलाकडे जायचे म्हणजे त्याच्या जागेवर जायचे, म्हणून ‘शे ल क्वाफर’. ‘ओ क्वाफर’ बोलताना कानावर पडते, पण लिहिले तर चूक धरतात. बेकरीवाल्याऐवजी बेकरी म्हटले की माणूस गेला आणि दुकान उरले, म्हणून ‘आ ला बुलांझरी’. आपल्या ‘कडे’चे मूळ मात्र बाजू, दिशा असे आहे. त्यामुळे खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुलाला आपण ‘माझ्याकडे ये’ म्हणतो. ते ‘व्हियँ शे म्वा’ असे म्हटले तर त्याला माझ्या घरचे आमंत्रण मिळते. ‘सरांकडे सुट्टी मागितली’ यातही ‘शे’ नाही, ‘आ’ आहे, कारण सरांच्या घरी कोणी गेले नाही. मी माणसांच्या बाबतीत एकच प्रश्न विचारतो: इथे त्याचा उंबरठा ओलांडायचा आहे का?

नवशिकी
म्हणजे माझ्या चार जोड्यांपैकी एकही जशीच्या तशी उरली नाही. तरी उंबरठ्याची कसोटी वापरून पाहिली आणि लगेच अडले. काराफूर या मोठ्या दुकानात खरेदीला जायचे असेल तर ‘शे’ की ‘आ’? तिथे उंबरठा आहे, पण माणूस नाही. आणि ‘पाच मिनिटांत आलेच’ याचे काय करायचे?

पाटीपेन्सिल
काराफूर म्हणजे चौरस्ता. ते माणसाचे नाव नाही, म्हणून ‘आ काराफूर’. मालकाच्या नावाने चालणाऱ्या दुकानाला ‘शे’.

रोनकाठ
नियम तसा आहे खरा, पण माझ्या शेजारणी ‘शे काराफूर’ही म्हणतात आणि त्यांना कोणी टोकत नाही. परीक्षेत ‘आ’ लिहावे, बाजारात कान उघडे ठेवावेत.

‘पाच मिनिटांत आलेच’ला मात्र ‘दाँ सँक मिन्युत’. प्रत्यय ‘त’ असला तरी आपण प्रवासाची लांबी सांगत नसतो, आत्तापासून किती वेळाने उगवू ते सांगत असतो. ‘आँ’ म्हटले तर वाट पाच मिनिटांची आहे एवढेच कळेल, निघणार कधी ते कळणार नाही. ‘फार तर पाच मिनिटे, कदाचित आधीही’ असे म्हणायचे असेल तर ‘दिसी सँक मिन्युत’.

पाटीपेन्सिल
आणि तरीही हे सगळे आपण मराठीतूनच उलगडले, रोनकाठ.

रोनकाठ
उलगडले मराठीतून, पण प्रत्ययांवरून नव्हे. नवशिकी यांचा प्रश्न प्रत्ययांचा होता.