मदत हवी आहे: फेजरचं उत्तर जुळत नाही, उद्या सबमिशन

देवरुखची_डिप्लोमावाली
सकाळपासून एकाच गणितावर अडकलेय. सिरीज सर्किट, ६ ओहमचा रेझिस्टर, ८ मिलिहेन्रीचा इंडक्टर, दोन सोर्स, दोन्ही १० व्होल्टचे, ओमेगा १०००. करंट काढायचाय. इंडक्टरचे j8 केले, इम्पिडन्स 6 + j8 म्हणजे 10∠53.13° आला. सोर्स मिळून २० व्होल्ट, म्हणून करंट 2∠−53.13°. पुस्तकात मागे 1.414∠−98.13° छापलंय. तीनदा केलं, तेच येतं. छपाईची चूक आहे का? लवकर सांगा प्लीज.

घाटमाथा_८८
कॅल्क्युलेटर रेडियनवर असणार. माझा अख्खा पेपर गेला होता त्यात.

देवरुखची_डिप्लोमावाली
डिग्रीवरच आहे. ५३.१३ बरोबर आलं की.

पॅनेलवाला_खेड
अगं सोपं आहे. २ ला √2 ने भाग, १.४१४ येतात. पुस्तकाने आरएमएस दिलंय, तू पीक काढलंस. आम्ही साइटवर पीक कधी बघतच नाही, मीटर आरएमएसच दाखवतो.

देवरुखची_डिप्लोमावाली
हुश्श! थँक्यू दादा.

खाडीकाठचा_मास्तर
थांबा, एवढ्यात वही मिटू नका. १.४१४ जुळले तो योगायोग आहे. आरएमएस घेतलं की फेजरची लांबी कमी होते, कोन जागचा हलत नाही. तुमच्या आणि पुस्तकाच्या कोनात बरोबर ४५ अंशांचा फरक आहे, तो कुठून आला? दोन्ही सोर्स पुस्तकात आहेत तसेच्या तसे लिहा. नुसतं "१० व्होल्ट" नको.

काजूबाग
आमच्या वाडीत पण पावसात एक फेज जाता. काल रात्रीपासून पंप नुसतो घुमता, पाणी नाय. वायरमनाक दोनदा फोन केलंय.

देवरुखची_डिप्लोमावाली
काका, फेजर म्हणतेय, फेज नाही 🙏
सर, एक आहे 10 cos 1000t आणि दुसरा 10 sin 1000t. पण कोन दोन्हीकडे दिलाच नाहीये, म्हणून दोन्ही 10∠0° धरले.

खाडीकाठचा_मास्तर
हेच तर पहिल्यांदा लिहायचं राहिलं! कोन दिलाय, तो sin या शब्दात लपलाय. साइन ही कोसाइनच्या ९० अंश मागे चालते: 10 sin 1000t = 10 cos(1000t − 90°). म्हणजे कोसाइन धरून चाललात तर दुसरा सोर्स 10∠−90°, अर्थात −j10. बेरीज 10 − j10, म्हणजे 14.14∠−45°. त्याला 10∠53.13° ने भागा, पुस्तकातलं उत्तर येतं.
पडताळा हवा तर t = 0 ठेवून बघा. पहिला सोर्स १०, दुसरा ०, मिळून १०. तुमचे २० तिथेच पडतात. 14.14 cos(−45°) मात्र १० देतं.

पॅनेलवाला_खेड
आम्हाला कॉलेजात साइनच रेफरन्स शिकवलाय. कोसाइन कशाला धरायची?

खाडीकाठचा_मास्तर
खुशाल साइन धरा. मग साइन 10∠0° आणि कोसाइन 10∠90°. करंट 1.414∠−8.13° येईल, पण वेळेत परत जाताना sin लावायला लागेल: 1.414 sin(1000t − 8.13°). करंट तोच. जाताना साइन आणि येताना कोसाइन केली की घोळ.

पॅनेलवाला_खेड
तरी आरएमएस लिहायची सवय हवी. प्रत्यक्षात तेच चालतं.

देवरुखची_डिप्लोमावाली
जुळलं!! आता पुढच्यात दुसरा सोर्स 10 sin 2000t आहे. तोही −j10 घेऊन बेरीज करायची ना?

खाडीकाठचा_मास्तर
अजिबात नाही. फ्रिक्वेन्सी वेगळी तर बाणांची बेरीजच नाही. हजारच्या सोर्ससाठी एक सर्किट काढा, दोन हजारच्यासाठी दुसरं. दुसऱ्यात इंडक्टर j8 नाही, j16 होतो. दोन्ही करंट आधी cos-sin मध्ये परत आणा आणि मग बेरीज मांडा.
तुम्ही किनाऱ्याच्या बाजूच्या, म्हणून सांगतो. चंद्राची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, सूर्याची १२ तासांनी. दोघींचे बाण रोज थोडे थोडे एकमेकांपासून सरकतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास एका दिशेला येतात तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास उलटे होतात तेव्हा भांग. कागदावर त्यांच्यातला कोन एकदाच काढून ठेवाल तर तो उद्याच खोटा पडेल.

घाटमाथा_८८
भांगाला बोटी बाहेर काढतात की उधाणाला? मामा दोन्ही सांगतो.

देवरुखची_डिप्लोमावाली
सर, पण दोन्ही करंट मिळून एकच कोन लिहा असं प्रश्नात म्हटलंय...

खाडीकाठचा_मास्तर
प्रश्नाचा फोटो टाका.

काजूबाग
वायरमन अजून इलो नाय.