म्हैस ३८ व्या दिवशी 'खाली' सांगितली, इंजेक्शन द्यावे का? (मदत हवी आहे)

वरुडचा_गोठा: माझ्या नागपुरी म्हशीला ६ एप्रिलला कृत्रिम रेतन केले होते. त्यानंतर ती माजावर आलेली दिसली नाही. १४ मे रोजी, म्हणजे ३८ व्या दिवशी, रेतन करणाऱ्या मुलाने हात घालून पाहिले आणि ती खाली असल्याचे सांगून माजावर आणण्याचे इंजेक्शन सुचवले. ते द्यावे की थांबावे?

धुऱ्यावरचा: २१ दिवसांनी उलटली नाही म्हणजे गाभण आहे. आमच्या घरी वडिलांपासून हाच हिशेब चालतो.

निवृत्त_पशुवैद्यक: हा हिशेब गाईला बऱ्यापैकी लागू पडतो, पण मे महिन्यातल्या म्हशीला नाही. उन्हाळ्यात म्हैस मुका माज करते. ती ओरडत नाही, सोट फारसा दिसत नाही, आणि दिवसभर डबक्यात बसलेल्या जनावराचा रात्रीचा माज कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून 'उलटली नाही' यावरून ती गाभण ठरत नाही, तशीच ३८ व्या दिवसाच्या हातावरून ती खालीही ठरत नाही. त्या वेळी गर्भाशयाच्या दोन शिंगांतला फरक इतका थोडा असतो, की सरावलेला हातही चुकतो. गाईत ४५ दिवसांनंतर जाणकाराला अंदाज येतो. मी स्वतः मात्र गाय असो वा म्हैस, ६० दिवसांआधी निकाल देत नसे. तेव्हा एक शिंग स्पष्ट मोठे आणि पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे लागते.

इंजेक्शन प्रोस्टाग्लँडिनचे असेल तर ते अजिबात देऊ नका, कारण म्हैस गाभण असल्यास त्याने गर्भ पडतो. बाटलीवरचे नाव वाचा.

कास्तकार_वर्धा: सोनोग्राफीत वगार आहे की हल्या, हे कळते का? आमच्याकडे हल्याला कोणी विचारत नाही.

निवृत्त_पशुवैद्यक: इथे प्रश्न गाभण आहे की नाही, एवढाच आहे. सोनोग्राफीत साधारण ३० व्या दिवशी गर्भाचे ठोके दिसतात, त्यामुळे आज खात्री करायची असेल तर तोच मार्ग आहे.

संत्राबाग: आमची संकरित गाय ३२ व्या दिवशी सोनोग्राफीत गाभण निघाली, ठोके मी स्वतः पडद्यावर पाहिले, आणि ७० व्या दिवशी हाताने तपासली तर रिकामी. मशीन खोटे ठरले.

निवृत्त_पशुवैद्यक: मशीन खरेच होते, गर्भ नंतर गेला. सुरुवातीच्या दिवसांत असे होते, म्हणूनच लवकर कळले तरी ६० दिवसांनंतर पुन्हा पाहावे लागते.

वरुडचा_गोठा: बाटलीवर क्लोप्रोस्टेनॉल लिहिले आहे.

निवृत्त_पशुवैद्यक: हे त्याच जातीचे औषध आहे. परत करा.

वरुडचा_गोठा: परत करतो. सोनोग्राफीची सोय इथून ३० किलोमीटरवर आहे आणि या उन्हात म्हैस टेम्पोत चढवायला घरचे तयार नाहीत. ५ जूनला ६० दिवस भरतात. ती खालीच असेल तर तोवर आणखी एक माज हातचा जाईल, एवढीच धाकधूक आहे.

धुऱ्यावरचा: मी अजूनही म्हणतो, गाभण आहे.