ग्रुप फोटोत चेहरा बदलला, पण गालावर शिवण दिसतेय. काय करू?

लेन्सवाला_दादर: लग्नाचा ग्रुप फोटो. मावशींचे डोळे मिटलेत, म्हणून फोटोशॉपमध्ये लगेच पुढच्या फ्रेममधला त्यांचाच चेहरा वर ठेवून लेयर मास्क लावला. डाव्या गालावर पट्टा दिसतो. चेहरा साधारण ६०० पिक्सेल रुंद, प्रिंट १२ बाय १८. खर्च ५०० रुपयांच्या वर नको.

परळचा_पेन: माऊसने मास्क रंगवतोस? लॅमिंग्टन रोडवर जा, पेन टॅब्लेट घे. मी घेतला, तेव्हापासून कटकट संपली.

माऊसच_बरा: ५०० रुपयांत टॅब्लेट? प्रश्न वाचा हो. मास्कच्या प्रॉपर्टीजमध्ये फेदर ५० करा, विषय संपला.

शिवणतज्ज्ञ: फेदर ५० केलंत तर जबडा दोनदा दिसेल, कारण पुसट कडेतून खालचा जुना जबडा डोकावतो. आधी सगळ्यात वर Black & White ॲडजस्टमेंट लेयर टाका. पट्टा तरीही दिसला, तर फरक उजेडाचा आहे. नाहीसा झाला, तर रंगाचा. लागोपाठ फोटो काढताना फ्लॅश पुरता चार्ज होत नाही, दुसरी फ्रेम काळपट येते. चेहऱ्याच्या लेयरवर Curves टाकून `Ctrl+Alt+G` ने क्लिप करा आणि गाल जुळेपर्यंत मधला बिंदू उचला. मास्कला तोवर हात लावू नका.

मग कड गालावरून हलवा. सपाट कातडीवर ती लपत नाही. हनुवटीखालची सावली, कानाची पुढची रेघ, केसांची मुळं, तिथून न्या. जबड्याशी ब्रश १०-१५ पिक्सेल, कपाळावर ८०, फ्लो १५ टक्के. `\` दाबलं की मास्क लाल दिसतो, `X` ने काळा-पांढरा बदलतो.

कोपऱ्यातला: एवढं कशाला? Auto-Blend Layers आहे ना. पासपोर्ट फोटोला चालतं ते.

शिवणतज्ज्ञ: चालतं, पण खालच्या लेयरमधला चेहरा आधी खोडावा लागतो, आणि खोडलेली जागा वरच्या चेहऱ्यापेक्षा ५ पिक्सेलने लहान ठेवावी लागते, म्हणजे कडा एकमेकींवर चढतात. नंतर चेहरा सरकवलात तर सगळं पुन्हा.

परळचा_पेन: टॅब्लेटवर फ्लो हाताच्या दाबावर जातो, माऊसला जमणार नाही.

माऊसच_बरा: फ्लो १५ ठेवून चार वेळा फिरवा, तेच होतं. फेदर ५० म्हणालो ते मात्र जास्त झालं.

लेन्सवाला_दादर: टेस्ट केली, पट्टा राहतो. म्हणजे उजेडच. Curves ने गाल जुळला. पण जबड्याची कड काही जमेना, म्हणून सगळ्यांचं ऐकून वेगळंच केलं. मानेसकट अख्खं डोकं घेतलं. कड मागच्या पडद्यावरून आणि खाली ब्लाउजच्या काठावरून नेली. पडद्यावर ६० पिक्सेलचा मऊ ब्रश, काठावर कडक.

शिवणतज्ज्ञ: चालेल. पण २०० टक्क्यांवर पडद्याची ती कड बघा. मधल्या भागात दोन्ही फ्रेमची दाणेदार खरखर एकमेकींत मिसळून गुळगुळीत होते, तेवढीच पट्टी प्रिंटला प्लास्टिकसारखी येते. तिथे थोडा नॉइज टाका.

लेन्सवाला_दादर: टाकला. आता शेजारच्या काकांच्या खांद्यावरची मावशींची सावली जुनीच राहिलीय, आणि डोकं थोडं उजवीकडे झुकलंय.

कोपऱ्यातला: ती मास्कने जाईल का?