सोडियम नव्हे, क्लोराइड बघा

"उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालंय, रक्तात बायकार्बोनेट 38, तरी लघवीत सोडियम 45 कसं?"

उलट्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत जादा बायकार्बोनेट लघवीतून जातं आणि सोबत सोडियम ओढून नेतं, म्हणून ते सोडियम फसवं असतं. क्लोराइड मात्र मूत्रपिंड घट्ट धरून ठेवतं. लघवीत ते 8 मिलीमोल प्रति लिटर आलं, तर सलाइन आणि पोटॅशियम क्लोराइडने हा अल्कलोसिस, म्हणजे रक्तातला जादा अल्कलीपणा, बहुधा सुटतो.

20 च्या वर आलं तर आधी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या विचारा. फ्युरोसेमाइडचा असर असेपर्यंत क्लोराइड जास्तच दिसतं, असर उतरला की तेच खाली येतं. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे नमुन्यासोबत लिहाच.

गोळी नाही, पण रक्तदाब जास्त, रक्तात पोटॅशियम कमी, लघवीत क्लोराइड 40? मग अल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासा. तिथे सलाइनने अल्कलोसिस सुटत नाही.