पॅनलमध्ये कोण आहे, हे विचारणं आगाऊपणा कसा?

हिंगणा रोड (मूळ पोस्ट): वीस वर्षं एचआरमध्ये आहे. आजकालची पोरं मुलाखतीची मेल मिळाली की उलट मेल करतात: पॅनलमध्ये कोण, काय विचारणार, काय वाचून येऊ? अरे, बोलावलंय तर या. अशांचे मी मनातल्या मनात दोन मार्क कापतो.

खामल्याची: मार्क कापण्याआधी तुमची स्वतःची मेल एकदा वाचा, काका. माझ्या धाकट्या भावाला आली होती: ‘गुरुवारी 11 वाजता, नागपूर कार्यालय.’ क्वालिटी इंजिनिअरची जागा. कंपनीचं ऑफिस धरमपेठेत, प्लांट बुटीबोरीत. आता यातलं ‘नागपूर कार्यालय’ कोणतं?

त्यानं त्याच दिवशी, त्याच मेलला उत्तर दिलं. नवीन मेल केली असती तर पाठवणाऱ्या बाईंना शंभर उमेदवारांत हा कोण, हे शोधावं लागलं असतं. आधी आपल्याला काय समजलं ते लिहिलं: गुरुवार, तारीख, सकाळी 11, प्रत्यक्ष हजर. मग तीन प्रश्न. ऑफिसात यायचं की प्लांटवर? पॅनलवर कोणत्या विभागांचे लोक असतील? नुसती चर्चा आहे, की ड्रॉइंग वाचायला किंवा मोजमाप करायलाही देणार?

दोन ओळींत उत्तर आलं. बुटीबोरी प्लांट, उत्पादन आणि क्वालिटी, दोन्हींचे प्रमुख, आधी अर्धा तास ड्रॉइंग, मग शॉप फ्लोअरवर चक्कर, सेफ्टी शूज घालून या. विचारलं नसतं तर 11 वाजता पोरगा धरमपेठेत साध्या बुटांत उभा असता आणि पुढे वर्धा रोडनं तीसेक किलोमीटर.

तयारीही त्या उत्तरावरूनच ठरली. जुन्या नोकरीतली माल रिजेक्ट झाल्याची एकच केस त्यानं नीट मांडून नेली. क्वालिटीवाल्यांसाठी दोष कुठून आला ते कसं शोधलं, आणि उत्पादनवाल्यांसाठी त्या पायी लाइन किती वेळ बंद होती ते. यात आगाऊपणा कुठे दिसला तुम्हाला?

जुना मास्तर: ताई, आमच्याकडे निवड समितीत कोण आहे हे विचारणं म्हणजे वशिल्याची पहिली पायरी. दबाव आणला तर उमेदवारी रद्द, असं जाहिरातीतच छापलेलं असतं. हिंगणा रोड बरोबर बोलताहेत.

खामल्याची: सर, प्राध्यापकाच्या निवड समितीपुरतं तुमचं खरं आहे. पण त्यानं नावं मागितलीच नाहीत, विभाग विचारले. नाव कळलं की माणूस ओळख काढत बसतो; विभाग कळला की अभ्यास करतो.

गोंदियाचा भाऊ: मेल-बिल सब ठीक, उत्तर कोन देते? मी दोनदा केली, कोनी पाह्यली नाही. पहाटेच्या गाडीनं आलो, तर गेटवर म्हणते, तुमची मुलाखत ऑनलाइन आहे, लिंक येईन! जाण्यायेण्याचे पैसे गेले, एक दिवसाची मजुरी गेली. ते भाडं कोन देईन?

हिंगणा रोड: फ्रेशरला भाडं कोणीच देत नाही.

गोंदियाचा भाऊ: काऊन नाही? बऱ्याच सरकारी कंपन्या तिकीट दाखवलं की देतात. चूक तुमची, खिसा माहा?

हिंगणा रोड: माझी चूक कशी? मी तुला बोलावलं होतं का? एका जागेला दोनशे अर्ज येतात. प्रत्येकाला तिकीट द्यायचं तर भरतीच बंद करू.

बजाजनगर: दोनशेंना कुठे, मुलाखतीला तर दहाच बोलावता ना? त्या दहांतले बाहेरगावचे किती असतात? आणि भाऊ, आदल्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन लावायचा. मेलमध्ये सहीखाली नंबर असतो.

गोंदियाचा भाऊ: लावला ना! कन्सल्टन्सीवाल्याचा होता. तो म्हणे, मले काय माहीत, कंपनीले विचारा.

बजाजनगर: मग प्रवास करायलाच नको होता.

गोंदियाचा भाऊ: नोकरी असलेल्या माणसाले हे बोलनं सोपं आहे.

हिंगणा रोड: मूळ मुद्द्यावर या. पत्ता अर्धवट लिहितो, हे मान्य. उद्यापासून मेलमध्ये प्लांट की ऑफिस, प्रत्यक्ष की ऑनलाइन, हे लिहून पाठवायला सांगतो. विभाग विचारले तरी चालेल. पण ‘काय वाचून येऊ’ म्हणणाऱ्याचे दोन मार्क मी कापणारच.

खामल्याची: ते कापा, माझी ना नाही. ‘काय वाचू’ला तुम्ही तरी काय उत्तर देणार? ‘लेखी चाचणी आहे का, किती वेळाची’ याचं उत्तर एका ओळीत देता येतं. आणि रात्री 11 वाजता, उद्याच्या मुलाखतीबद्दल पाच प्रश्न पाठवणाऱ्याचेही कापा.

जुना मास्तर: विभाग कळला तरी माणसं हुडकणारे हुडकतातच. छोट्या कंपनीत क्वालिटीचा प्रमुख एकच असतो, ताई.

खामल्याची: हो, तिथे विभाग म्हणजेच नाव. याला माझ्याकडे उत्तर नाही.

गोंदियाचा भाऊ: आन् भाड्याचं?